नवीन टेबल, आणि त्याच्याच लाकडाची एक फळी

(दृश्य: कोरं सागवानी टेबल, चार फूट बाय अडीच फूट. शेजारी उरलेला फळीचा तुकडा.)

टेबल तयार आहे. घासून झालंय, हात फिरवला तर गुळगुळीत लागतंय, आणि आता घरात प्रत्येकाचं वेगळं मत. एक म्हणतो वॉर्निश मारा, एकाला मेणाची मऊ चमक आवडते, तिसऱ्याने कुठेतरी व्हिडिओ बघितलाय की तेल लावलं की लाकूड कसं जिवंत दिसतं. तिघंही दिसण्यावरून बोलतायत, आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी तिन्ही छानच दिसतात. प्रश्न वर्षभराने काय दिसेल त्याचा आहे.

म्हणून आपण टेबलाला हात लावायच्या आधी हा उरलेला तुकडा घेऊ. तो त्याच झाडाचा, त्याच सँडपेपरने घासलेला पाहिजे, म्हंजे आधी १२० नंबर मग १८०. पेन्सिलीने तीन भाग पाडले, वॉर्निश, मेण, तेल.

(दृश्य: ब्रशने वॉर्निशचा पहिला हात.)

वॉर्निश म्हंजे राळ आणि सुकणारं तेल, टर्पेंटाइनसारख्या द्रावणात पातळ केलेलं. ते लाकडाच्या वर बसतं, पापुद्र्यासारखं. पहिला हात पातळ, तीन भाग वॉर्निशला एक भाग टर्पेंटाइन, म्हंजे जरा आत शिरून पकड घेतं. डबा हलवायचा नाही हं, काडीने सावकाश ढवळायचा, हलवला की बुडबुडे येतात आणि ते तसेच सुकून बसतात. रात्रभर सुकू द्यायचं, ३२० च्या पेपरने अगदी हलकं घासायचं, धूळ पुसायची, दुसरा हात. असे तीन.

सागवानाचं एक वेगळं आहे. त्याच्यात स्वतःचंच तेल असतं आणि त्यामुळे वॉर्निश कधीकधी दिवसेंदिवस चिकट राहतं, लोक वॉर्निशला शिव्या देतात पण गडबड लाकडाची असते. पहिला हात मारायच्या अगदी आधी थिनरच्या फडक्याने पुसून घेतलं की वरचं तेल निघून जातं.

(दृश्य: तेल ओतलं, लाकूड गडद होत जातं.)

हा क्षण कॅमेऱ्याला फार आवडतो, आणि इथेच लोक तेलाच्या प्रेमात पडतात. पण तेल म्हंजे कुठलंही तेल नाही. अळशीचं किंवा टंग झाडाच्या बियांचं, जे हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, तसलं लागतं. स्वयंपाकाची बरीचशी तेलं लाकडात नुसती ओली राहतात आणि नंतर खवट वास मारतात. अळशीचं कच्चं तेल सुकायला आठवडे घेतं, म्हणून दुकानात बॉइल्ड नावाने मिळतं ते घ्यायचं, त्याच्यात सुकवणारे धातूचे क्षार घातलेले असतात.

लावायला सोपं आहे, भरपूर लावा, पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि मग वर जे उरलंय ते सगळं पुसून काढा. सगळं. माझं पहिलं तेलाचं टेबल मी असंच बिघडवलं होतं, वाटलं जाड थर राहिला तर जास्त संरक्षण, म्हणून पुसलंच नाही. महिन्याने त्यावर वही ठेवली तर उचलताना चर्र आवाज आला. शेवटी टर्पेंटाइनने तो चिकटा खरवडत बसलो. तेलाचं काम लाकडाच्या आत आहे, वर राहिलं की त्याचा गोंद होतो.

(दृश्य: फडक्याने मेण.)

मेणाला फार वेळ देत नाही. लावा, थोडं थांबा, घासून चमकवा, झालं. स्पर्श सगळ्यात सुंदर याचाच. पण मेण सुकून टणक होत नाही, ते मेणच राहतं, आणि मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशाला वितळतं. नुकत्याच ओतलेल्या चहाचा कप यापेक्षा गरम असतो.

(दृश्य: तीन आठवड्यांनी तीच फळी.)

तीन आठवडे मुद्दाम थांबलो, कारण वॉर्निश आणि तेल हाताला कोरडं लागलं तरी आतून पक्कं व्हायला वेळ घेतं. नाक जवळ नेऊन वास घ्या, वास येत असेल तर अजून व्हायचंय.

आता तिन्ही भागांवर खालून ओला असलेला पेला रात्रभर. सकाळी मेणाच्या भागावर स्पष्ट वर्तुळ, तेलाच्या भागावर फिकट, वॉर्निशवर काहीच नाही, पुसलं की गेलं. मग गरम स्टीलचं भांडं पाच मिनिटं. मेण तिथे मऊ पडून चमक गेली, बाकी दोघांनी सहन केलं.

इथवर वॉर्निश जिंकलं असं वाटतं ना? आता किल्ली घेऊ आणि तिघांवर एक एक रेघ ओढू, जरा जोर लावून.

(दृश्य: रेघांचा क्लोजअप.)

वॉर्निशवरची रेघ पांढरी, लांबूनही दिसते, कारण पापुद्रा फाटलाय. आणि त्या फटीतून पाणी आत गेलं की आजूबाजूचा पापुद्रा सुटायला लागतो, मग टवके. तेवढ्यापुरतं ठिगळ लावलं तर ठिगळ दिसतं, नीट करायचं तर अख्खा वरचा भाग घासा आणि पुन्हा मारा. तेलाच्या भागावर ३२० चा पेपर तिथल्या तिथे फिरवला, दोन थेंब तेल, पुसलं, पाच मिनिटांचं काम, रेघ शोधावी लागली. ते रात्रीचं फिकट वर्तुळसुद्धा असंच गेलं.

म्हंजे निवड खरं तर अशी आहे, वॉर्निशचं टेबल वर्षानुवर्षं काही मागत नाही आणि मग एकदम दोन दिवस मागतं. तेलाचं टेबल थोडं थोडं मागत राहतं, पहिल्या वर्षी दोन-तीनदा, नंतर कमी, पाण्याचा थेंब फुगून न बसता लाकूड गडद करायला लागला की समजायचं वेळ झाली. एकट्याने लिहायचं टेबल असतं तर मी डोळे झाकून तेल लावलं असतं. हे जेवायचं आहे, रोज चारदा ओल्या फडक्याने पुसलं जाणार, आणि तेल लावायचं कोणाच्या लक्षात राहणार नाही, हे मला माझ्या घरावरून माहितेय. म्हणून वॉर्निश, पण जाड काचेसारखं नाही, तीन पातळ हात, फडक्याने पुसत लावलेले, म्हंजे लाकडाच्या शिरा बोटाला लागतात. खालच्या बाजूलाही, कारण एकाच बाजूने दमट हवा आत-बाहेर झाली तर फळी वाकू शकते. मेण हवंच असेल तर सगळ्यात शेवटी, वॉर्निशवर. आधी मेण लावून नंतर वॉर्निश मारलं तर ते धरणारच नाही.

(दृश्य: काम संपलंय, जमिनीवर फडक्यांचा गोळा. एक हात तो उचलतो.)

आणि हा गोळा असा कोपऱ्यात टाकायचा नाही. तेल आणि वॉर्निश सुकताना उष्णता सोडतात, पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते पण गोळ्यात साठत जाते, आणि गोळा काडी न लावता पेट घेऊ शकतो, काही तासांनी, बहुतेक तुम्ही झोपलेले असताना. एकेक फडकं उलगडून, एकावर एक न ठेवता, बाहेर दोरीवर वाळत घालायचं. कडक झालं की मग कचऱ्यात.

(दृश्य: दोरीवर तीन फडकी, मागे टेबल.)