सणाच्या तोंडावर दर वाढवताना

श्रोतेहो, नमस्कार. सणाची गर्दी सुरू व्हायच्या बेतात असताना दर वाढवायची वेळ आली, की बरेच व्यावसायिक 'वाढत्या महागाईमुळे नाइलाजाने' असं लिहून मोकळे होतात. ग्राहक मनात म्हणतो, गर्दी बघून वाढवले. त्याचा हा संशय फेडायचा, तर हिशोब उघड करावा लागतो.

समजा, एखादी वस्तू शंभराला विकली जाते. त्यात कच्चा माल चाळिसाचा, आणि तो वीस टक्क्यांनी महागला. म्हणजे आठ वाढले. मग नवा दर एकशे आठ. एकशे वीस लावलात, तर वरचे बारा कशाचे, हे सांगता आलं पाहिजे. सूचनेत मात्र एवढंच पुरे: 'कच्चा माल वीस टक्क्यांनी महागला, त्यामुळे शंभराची वस्तू एकशे आठला मिळेल. मजुरी आणि नफ्यात वाढ केलेली नाही.' अर्थात, हे खरं असेल तरच लिहायचं.

नवा दर लागू होण्याआधी ग्राहकांना काही दिवस जुन्या दराने घ्यायची संधी द्यायची, तर जुन्या दराने किती माल द्यायचा? इथेच बहुतेकांचं गणित फसतं. जुन्या भावात घेतलेल्या कच्च्या मालातून तीनशे नग निघतील असं धरू. त्यातले साठ आधीच नोंदवलेले आहेत, ते जुन्याच दराने द्यायचे. वीस नग तुटफूट आणि बदलीसाठी बाजूला ठेवायचे. उरले दोनशे वीस. सूचनेत हाच आकडा लिहायचा. 'साठा असेपर्यंत' एवढंच लिहिलं, की तिसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने परतणारा माणूस चिडतो. एका ग्राहकाला पाच नगांची मर्यादा घाला, नाहीतर फेरविक्री करणारा एकटाच सगळं उचलतो.

जुन्या दराची मुदत साधारण दोन आठवड्यांची ठेवावी. तारखेबरोबर वेळही लिहा: 'रात्री आठपर्यंत पैसे भरलेली नोंदणी जुन्या दराने; माल नंतर नेला तरी चालेल.' नोंदणीचा दिवस धरायचा, पैसे भरल्याचा की माल नेल्याचा, हे मोघम राहिलं तर भांडण ठरलेलं. आणि मुदत वाढवू नका. एकदा वाढवली, की पुढच्या सूचनेवर कोणी धावत येत नाही. दर आधी चढवून त्यावर 'सणाची सवलत' लावणं तर सरळ फसवणूकच.

एक हिशोब मात्र विसरू नका. आज पाच नग नेणारा ग्राहक सणाच्या आठवड्यात बहुधा परत येणार नाही. म्हणून जुन्या दराच्या नोंदी वेगळ्या वहीत ठेवा आणि नवा माल मागवताना तेवढी मागणी वजा करा.

मुदत संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी येणारच: 'कालच यायचं होतं हो.' त्याला काय सांगायचं, ते गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला आदल्या रात्रीच सांगून ठेवा. दरपत्रक आणि मालावरच्या चिठ्ठ्याही त्याच रात्री बदला.