माणशी एक किल्ली का डिव्हाइसमागे एक किल्ली?

[पडद्यावर: पत्र्याची शेड, छत रुळांवरून मागे सरकतंय]

मुरबाडच्या पुढे एका शेतावर ही शेड आहे. आत आठ इंची दुर्बीण, तिच्याखाली मोटरवर फिरणारा माउंट, कोपऱ्यात एक मिनी पीसी आणि सिमकार्डवर चालणारा राउटर. क्लब चौदा जणांचा. पावसाळा संपला की रात्री कोणी ठाण्यातून, कोणी डोंबिवलीतून, घरी बसून ही दुर्बीण फिरवतं. मिनी पीसीचा रिमोट डेस्कटॉप उघड्या इंटरनेटवर कोणी शहाणा ठेवणार नाही, म्हणून मधे व्हीपीएन आहे, वायरगार्ड. सिमवाल्या राउटरला बाहेरून गाठता येईल असा पत्ता मिळत नाही, त्यामुळे क्लबने एक छोटा क्लाउड सर्व्हर भाड्याने घेतलाय, मिनी पीसी तिकडे स्वतःहून जोडला जातो आणि मेंबरही तिकडेच येतात.

इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. वाद पेटला तो किल्ल्या वाटताना.

खजिनदार काकांचं म्हणणं सरळ होतं. "अहो, वर्गणी माणशी घेतो ना आपण, मग किल्लीपण माणशी द्या. चौदा माणसं, चौदा किल्ल्या. कोण सोडून गेलं की एक काढून टाकायची, विषय संपला." सेक्रेटरी ताईंना ते पटत नव्हतं, कारण एकेका मेंबरकडे फोन असतो, लॅपटॉप असतो, कोणाकडे टॅबपण असतो, आणि किल्ली असलेली एकच फाइल तिन्हीकडे टाकली तर काय होतं हे त्यांनी ऑफिसात बघितलं होतं. काका म्हणाले, "काय होणार आहे, चालेल की." आणि गंमत म्हणजे चालतंच, निदान सुरुवातीला. फाइल टाकली की दोन्हीकडे कनेक्शन हिरवं दिसतं, एरर कुठेच येत नाही, म्हणून तर लोकांना वाटतं की ठीक आहे.

[पडद्यावर: टर्मिनल, एकाच किल्लीसमोरचा पत्ता बदलतोय]

आता हे नीट बघा. वायरगार्डला युजरनेम नाही, पासवर्ड नाही, त्याच्या लेखी माणूस असा कोणी नसतोच. किल्ली म्हणजे बोगद्याचं एक टोक, बस. आणि सर्व्हर दर किल्लीसमोर एकच पत्ता लिहून ठेवतो: या किल्लीचं शेवटचं पाकीट कुठल्या आयपीवरून आणि कुठल्या पोर्टवरून आलं. याच सोयीमुळे फोन वायफायवरून मोबाइल डेटावर गेला तरी कनेक्शन तुटत नाही, सर्व्हर नवीन पत्ता नोंदवतो आणि पुढे चालू लागतो. पण हीच सोय एका किल्लीची दोन डिव्हाइस झाली की उलटते.

काकांचंच उदाहरण घेऊ, कारण हट्ट त्यांचा होता. लॅपटॉपवर दुर्बिणीचा डेस्कटॉप उघडलाय, गुरूचा व्हिडिओ घेणं चालू आहे. फोन शेजारी गप्प पडलाय, पण त्यातही तीच फाइल आणि त्या फाइलमध्ये कोणीतरी PersistentKeepalive = 25 ठेवलंय, म्हणजे फोन दर 25 सेकंदांनी सर्व्हरला एक रिकामं पाकीट पाठवतो. वायरगार्डची सेशन साधारण दोन मिनिटांनी जुनी धरली जाते आणि नवा हँडशेक होतो. तर दोन मिनिटं झाली की फोन हँडशेक करतो, आणि सर्व्हरला वाटतं, अरे, हा मेंबर आता इकडे आला. लॅपटॉपसाठी असलेली उत्तरं तो आता फोनच्या सेशनने एन्क्रिप्ट करतो. लॅपटॉपला ती उघडताच येत नाहीत. लॅपटॉप पाकिटं पाठवत राहतो, उत्तर काही येत नाही, 15 सेकंद वाट बघून तो स्वतः नवा हँडशेक करतो आणि ताबा परत घेतो. मग दोन मिनिटांनी पुन्हा फोनची पाळी.

म्हणजे काकांना दिसतं काय, तर चांगलं चाललेलं चित्र दर दोन मिनिटांनी दहा-पंधरा सेकंद गोठतं. आणि माणूस शिव्या कोणाला घालतो? सिमकार्ड कंपनीला. राउटर बंद-चालू करतो, केबल बदलतो, टॉवर लांब आहे म्हणतो. दोन्ही डिव्हाइस खरोखर वापरात असतील तर आणखी वाईट, तेव्हा ही ओढाताण दर पंधरा सेकंदांनी चालते आणि दोघांपैकी कोणाचंच काम होत नाही.

पकडायचं कसं? सर्व्हरवर हे चालवायचं आणि एक-दोन मिनिटं नुसतं बघत बसायचं:

```
watch -n 1 wg show wg0 endpoints
```

एकाच किल्लीसमोर पत्ता इकडून तिकडे उड्या मारताना दिसला तर समजायचं, ती किल्ली दोन ठिकाणी आहे. दोन्ही डिव्हाइस घरच्या एकाच वायफायवर असतील तर आयपी तोच दिसेल, फक्त पुढचा पोर्ट बदलत राहील, तिकडे लक्ष ठेवायचं. पत्ता एकदाच बदलला आणि तिथेच राहिला तर मात्र काही नाही, मेंबर घराबाहेर पडला असेल.

आणखी एक भानगड आहे, ही पटकन कोणाच्या लक्षात येत नाही. हँडशेकच्या पहिल्या निरोपात वेळेचा शिक्का असतो, आणि सर्व्हर दर किल्लीमागे शेवटचा शिक्का लक्षात ठेवतो. त्याच्यापेक्षा जुना शिक्का आला की निरोप गुपचूप फेकून देतो, कारण कोणीतरी जुनं पाकीट पकडून पुन्हा पाठवत असेल अशी त्याला शंका असते. आता एका मेंबरचा जुना लॅपटॉप, आतला सेल मेलेला, घड्याळ अर्धा तास मागे. फोनने एकदा हँडशेक केला की हा लॅपटॉप पुढचा अर्धा तास जोडलाच जाणार नाही, आणि फोन मधेमधे हँडशेक करत राहिला तर कधीच नाही. किल्ली वेगळी असती तर त्या लॅपटॉपचे शिक्के फक्त त्याच्या स्वतःच्याच आधीच्या शिक्क्यांशी ताडून बघितले गेले असते, आणि घड्याळ सारखंच मागे असल्यामुळे काही अडलं नसतं.

काकांचा खरा मुद्दा मात्र अजून उभाच होता. माणूस सोडून गेला तर? डिव्हाइसमागे किल्ली म्हणजे त्याच्या तीन-चार किल्ल्या शोधून काढाव्या लागणार आणि एखादी राहून गेली तर? हा प्रश्न खोटा नाही. ओपनव्हीपीएन वापरणारे क्लब तर म्हणतील, आमच्याकडे duplicate-cn लिहिलं की एका सर्टिफिकेटवर दोन डिव्हाइस चालतात, दोघांना वेगळे पत्ते मिळतात. बरोबर आहे, तिथे ओढाताण होत नाही. पण फोन हरवला तर? लोकलच्या गर्दीत फोन गेला की माणशी एकच किल्ली असलेल्या क्लबला ती रद्दच करावी लागते, आणि फोनबरोबर घरचा लॅपटॉपही बाहेर पडतो. नवीन फाइल बनवा, पाठवा, टाकून घ्या, तेही नेमकं ग्रहणाच्या आदल्या रात्री.

[पडद्यावर: वहीचं पान, सभासद क्रमांक आणि पत्ते]

ताईंनी यावर जो तोडगा काढला तो मला फार आवडला, कारण त्यात काकांचंही ऐकलं गेलं. किल्ली डिव्हाइसमागे, पण पत्त्यांचा गठ्ठा माणसामागे. क्लबचं नेटवर्क 10.77.0.0/24. सभासद क्रमांकाला आठने गुणायचं, तिथून पुढचे आठ पत्ते त्या माणसाचे. काका पाच नंबरचे सभासद, पाच आठे चाळीस, म्हणजे 40 ते 47 काकांचे. पहिला गठ्ठा क्लबचा स्वतःचा, सर्व्हर .1 वर, शेडमधला मिनी पीसी .2 वर. मिनी पीसीची किल्ली कोणा माणसाच्या नावावर नाही, क्लबच्या नावावर आहे, आणि ते तसंच असायला पाहिजे.

```
# 05 खजिनदार - लॅपटॉप
[Peer]
PublicKey = (लॅपटॉपची)
AllowedIPs = 10.77.0.40/32

# 05 खजिनदार - फोन
[Peer]
PublicKey = (फोनची)
AllowedIPs = 10.77.0.41/32
```

आता काका उद्या क्लब सोडून गेले (जाणार नाहीत, पण समजा) तर 40 ते 47 मधलं जे काही आहे ते काढायचं, शोधाशोध नाही. नवीन मेंबर आहे, त्याला फोटो बघू द्यायचेत पण दुर्बिणीला हात लावू द्यायचा नाही, तर त्याच्या सगळ्या डिव्हाइसना मिळून सर्व्हरवर एकच ओळ पुरते. सहा नंबरचा मेंबर असेल तर:

```
iptables -I FORWARD -i wg0 -s 10.77.0.48/29 -d 10.77.0.2 -j DROP
```

या /29 चा अर्थ तेच आठ पत्ते, 48 ते 55. त्यानंतर त्याने नवीन टॅब आणला तरी नियम बदलायला लागत नाही, टॅबचा पत्ता त्याच्याच गठ्ठ्यातला असणार. एका /24 मध्ये असे 32 गठ्ठे बसतात, क्लबचा एक सोडून 31 माणसं. चौदा जणांच्या क्लबला भरपूर झालं.

यात चुकतं कुठे ते पण सांगतो. घाईत दोन किल्ल्यांना एकच पत्ता दिला गेला तर वायरगार्ड तक्रार करत नाही, पत्ता शेवटच्या किल्लीकडे जातो आणि पहिलीसमोर wg show मध्ये allowed ips: (none) दिसतं. अशा मेंबरचा हँडशेक होतो, सगळं हिरवं असतं, पण पान एकही उघडत नाही. दुसरं, हरवलेला फोन `wg set wg0 peer ... remove` ने लगेच बाहेर काढता येतो, पण फाइलमधूनही त्याचा अख्खा [Peer] भाग काढला नाही तर सर्व्हर रीस्टार्ट झाला की फोन पुन्हा आत. आणि तिसरं, wg show मध्ये नावं नसतातच, नुसत्या लांबलचक किल्ल्या दिसतात, म्हणून ती # वाली ओळ आणि ताईंची वही दोन्ही लागतात. फाइलमध्ये SaveConfig = true असेल तर व्हीपीएन बंद करताना फाइल नव्याने लिहिली जाते आणि त्या # वाल्या ओळी उडतात, तेव्हा ते काढून टाका.

किल्ली बनवायची कुठे, तर मेंबरच्याच डिव्हाइसवर. वायरगार्डच्या ॲपमध्ये ते बटण आहे. पब्लिक किल्ली ताईंना व्हॉट्सॲपवर पाठवली तरी हरकत नाही, प्रायव्हेट मात्र डिव्हाइस सोडून जात नाही. सत्तरीच्या मेंबरना हे जमेना तेव्हा ताईंनी मीटिंगमध्ये स्क्रीनवर क्यूआर दाखवून स्कॅन करून घेतला आणि फाइल तिथेच डिलीट केली, तेवढी तडजोड चालते. क्यूआरचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही एवढंच, कारण त्यात प्रायव्हेट किल्ली असते.

आणि हो, डिव्हाइसमागे किल्ली दिली म्हणून ती त्या डिव्हाइसला चिकटून राहत नाही. फाइल आहे ती, कोणीही कॉपी करून दुसऱ्या लॅपटॉपवर टाकू शकतो, वायरगार्ड त्याला अडवणार नाही. म्हणून ताई महिन्यातून एखाद्या रात्री, दुर्बीण चालू असताना, ती watch ची कमांड लावून ठेवतात. पत्ता उड्या मारताना दिसला की त्या मेंबरला फोन जातो, "दादा, नवीन लॅपटॉप घेतलात वाटतं? सांगायचं ना, गठ्ठ्यात अजून सहा पत्ते आहेत तुमच्या."