ऑक्सिमीटरवरचा दुसरा आकडा

करोनाच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आले, हे चांगलेच झाले; पण त्याच्या पडद्यावर दोन आकडे असतात आणि लोक त्यातला एकच वाचतात, ही माझी जुनी तक्रार आहे. SpO2 जवळ ९८ दिसले की घर निश्चिंत होते. PRbpm कडे, म्हणजे नाडीकडे, कोणी पाहत नाही.

लग्नाच्या जेवणानंतर रात्रभर उलट्या-जुलाब झालेल्या एका गृहस्थांच्या मुलाने पहाटे फोन केला. ‘‘डॉक्टर, सॅच्युरेशन ९८ आहे, वरचे बीपी ११६ आहे. बाबा नुसते गळून गेलेत.’’ ताप नव्हता. एरवी त्यांची नाडी बहात्तरच्या आसपास असे. त्या पहाटे पाच मिनिटे आडवे पडून राहिल्यावरही ती ९८ होती. मुलाला मी त्यांना आधार देऊन उभे करायला आणि एका मिनिटाने पुन्हा मोजायला सांगितले. आकडा १३२ आला आणि बाबांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

उभे राहिल्यावर अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त पायांकडे व पोटाकडे उतरते. शरीरात पाणी पुरेसे असेल तर नाडी थोडीशीच वाढते. ती तीसने किंवा त्याहून अधिक वाढली, अथवा चक्कर येऊन उभेच राहता आले नाही, तर बरेच पाणी गेले आहे असे समजावे. त्यांचे ११६ बीपी हृदयाने धावपळ करून टिकवलेले होते, कारण मोठ्या माणसांत बीपी उशिरा घसरते.

रात्रभर त्यांना साधे पाणी आणि ग्लुकोज पावडर दिली जात होती. जुलाबांतून सोडियम, पोटॅशियम व बायकार्बोनेट जातात. नुसत्या पाण्याने उरलेले सोडियम आणखी विरळ होते. ओआरएसमध्ये ग्लुकोजबरोबर सोडियम आतड्यातून शोषले जाते आणि पाणी त्यांच्यामागे जाते. त्यांच्या पोटात मात्र ओआरएसही ठरेना, म्हणून रुग्णालयात सलाइन लावावे लागले. पोटॅशियम २.९ निघाले, ते साडेतीनच्या खाली जाऊ नये, कारण त्याने स्नायू दुबळे होतात आणि ठोके अनियमित पडू शकतात.

आता घरी काय करावे, ते थोडक्यात सांगतो. रुग्ण शुद्धीवर असेल, लघवी होत असेल आणि ओआरएस पोटात ठरत असेल, तर प्रत्येक जुलाबानंतर मोठ्या माणसाला एक-दोन पेले द्यावेत. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून चमच्याने पुन्हा सुरू करावे आणि दोन-तीन तासांनी नाडी मोजावी. ती उतरली नाही, झोपूनही १२० च्या वर राहिली, सहा-आठ तास लघवी झाली नाही, हातपाय गार पडले, गुंगी आली किंवा शौचातून रक्त गेले, तर घरी थांबू नये. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास ओआरएस किती द्यायचे, हे डॉक्टरांनाच विचारावे. ताप नाडी वाढवतो, दर अंश सेल्सियसला साधारण दहाने. याउलट मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल या नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी पाणी बरेच गेले तरी ऐंशीतच राहू शकते. त्यांच्याबाबतीत आकडा बाजूला ठेवून लघवी आणि चक्कर यांवरच लक्ष ठेवावे.