चढताना कुल्ले आणि पोटऱ्या का भरून येतात

श्रोतेहो, नमस्कार. सपाट रस्त्यावर तासभर आरामात चालणारी माणसं तीन मजले चढली की पोटऱ्या भरून आल्या म्हणतात, कुल्ल्यांना ओढ बसते म्हणतात. पाय तेच, माणूसही तोच. मग फरक कुठे पडतो? आज आपण जिन्याची एकच पायरी घेऊ आणि ती चढताना पायात काय घडतं ते नीट पाहू.

त्याआधी सपाट चालणं. त्यात शरीर टेकलेल्या पायावरून उलट्या लंबकासारखं पुढे झुकत जातं. धडाचा भार प्रत्येक पावलाला काही सेंटीमीटरच उचलला जातो आणि तेवढाच खाली येतो. वर जाताना जो वेग खर्ची पडला, त्यातला बराचसा खाली येताना परत मिळतो, त्यामुळे स्नायूंना थोडीच भर घालावी लागते. कुल्ल्यातला मोठा स्नायू, ग्लुटियस मॅक्सिमस, टाच टेकताना जरासा आवळतो आणि लगेच सैल पडतो. हे पडताळून बघायचं असेल तर कुल्ल्यावर तळहात ठेवून आधी सपाट चाला आणि मग दोन पायऱ्या सावकाश चढा. दुसऱ्या वेळी हाताखाली गोळा घट्ट झालेला स्पष्ट जाणवतो.

आता पायरी. ती 17 सेंटीमीटर उंच आहे आणि चढणाऱ्याचं वजन 60 किलो आहे, असं धरू. एवढं वजन एवढं उचलायला साधारण 100 ज्यूल काम होतं. चढावर, म्हणजे 100 मीटरला 10 मीटर चढणाऱ्या रस्त्यावर, 60 सेंटीमीटरच्या एका पावलात 6 सेंटीमीटर उंची मिळते आणि काम 35 ज्यूलच्या आसपास होतं. सपाट रस्त्यासारखी इथे परतफेड नसते, कारण वर गेलेलं शरीर वरच राहतं. शिवाय स्नायू वापरलेल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने चौथा भागच कामी लावतात, उरलेल्याची उष्णता होते. चार मजले चढल्यावर घाम फुटतो तो म्हणूनच.

हे 100 ज्यूल देतं कोण? पाय वरच्या पायरीवर ठेवला की गुडघा आणि खुबा दोन्ही दुमडलेले असतात आणि धड थोडं पुढे झुकलेलं असतं. धडाचा भार खुब्याच्या पुढे पडतो, त्यामुळे शरीर खुब्यात आणखी दुमडू पाहतं. त्याला सावरून मांडी मागे खेचायची, म्हणजे खुबा सरळ करायचा, हे काम कुल्ल्यातला स्नायू आणि मांडीच्या मागचे स्नायू करतात. मात्र जिन्यावर सगळ्यात मोठा वाटा मांडीच्या पुढच्या स्नायूंचा असतो, कारण दुमडलेला गुडघा तेच सरळ करतात. धड ताठ ठेवलं की भार गुडघ्याकडे जास्त जातो आणि खुब्यातून थोडं पुढे झुकलं की कुल्ल्याकडे सरकतो. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी हे झुकणं करून बघावं, मात्र पाठ वाकवून नव्हे.

पोटरीची गोष्ट वेगळी आहे. सपाट चालताना टाचेमागची जाड कंडरा आधी ताणली जाते आणि मग आखडते, त्यामुळे मागच्या पायाच्या रेट्यातला मोठा भाग तिच्याकडून मिळतो. चढताना तेवढ्यावर भागत नाही, पोटरीच्या स्नायूला स्वतः भाराखाली आखडत जाऊन शरीर वर ढकलावं लागतं. त्यात चढावर चवडा टाचेपेक्षा उंच असल्यामुळे पोटरी आधीच ताणलेली असते आणि त्याच अवस्थेतून तिला जोर लावायचा असतो.

जिन्यावर एक सवय हा भार आणखी वाढवते, ती म्हणजे पायरीवर फक्त चवडा टेकवणं आणि टाच हवेत ठेवणं. घोट्यापासून चवड्याचं अंतर अंदाजे 12 सेंटीमीटर असतं आणि मागे कंडरेचं अंतर 5 सेंटीमीटरच्या आसपास. तरफेचा हिशेब केला तर एका पायाच्या चवड्यावर नुसतं उभं राहायलाही पोटरीला शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त ओढ द्यावी लागते. पूर्ण पाऊल पायरीवर टेकवलं की ही ओढ बरीच उतरते. म्हणून पोटऱ्या लवकर भरून येत असतील, तर आधी टाच कुठे आहे ते बघा.

दुसऱ्या दिवशी पाय दुखले की लोक चढण्याला दोष देतात. खरं तर ते दुखणं बहुधा उतरण्याचं असतं, कारण उतरताना स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. वेगळी दखल घ्यायची ती अशा पोटरीची, जी दरवेळी ठरावीक अंतर चढल्यावर आवळून येते आणि दोन-चार मिनिटं थांबलं की मोकळी होते. ती थकव्याची खूण नसून पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचीही असू शकते. अशा वेळी व्यायाम वाढवू नका, डॉक्टरांकडून पायातल्या नाड्या तपासून घ्या.