संकष्टी, चंद्रोदय आणि अल्सरची गोळी

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यात गेली बरीच वर्षं दवाखाना चालवतोय, आणि एक गोष्ट कॅलेंडर न बघता सांगू शकतो, ती म्हणजे काल संकष्टी होती का नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाकड्यावर पोट धरून बसलेली चार माणसं दिसली की समजायचं काल उपास झाला, आणि त्यात अंगारकी असली तर बसायला जागा नसते.

आज मी फक्त अल्सर असलेल्यांच्या उपासाबद्दल बोलणार आहे. म्हणजे दुर्बीण घालून बघितलंय, जठराला नाहीतर त्याच्या पुढच्या आतड्याला जखम आहे असं डॉक्टरनी सांगितलंय, गोळ्या चालू आहेत, आणि घरात उपासाची पद्धत आहे. नुसतं पित्त वेगळं आणि ही जखम वेगळी.

एका मावशींची गोष्ट सांगतो. वय पन्नाशीच्या आसपास, लग्न झाल्यापासून संकष्टी चुकवली नाही. सकाळी उठून चहा, मग दिवसभर काही नाही, पाणीसुद्धा आठवलं तर, आणि रात्री चंद्र बघून पोटभर जेवण. त्या मला म्हणाल्या, "डॉक्टर, दुपारी तीनला बेंबीच्या वर कुरतडूलालंय, आणि रात्री दोनला झोपेतनं उठवतंय बघा. दोन बिस्किटं खाल्ली की थांबतंय." आता हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. खाल्ल्यावर थांबतं, रिकाम्या पोटी आणि मध्यरात्री उठतं, हे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या अल्सरचं नेहमीचं बोलणं आहे. जठराच्या अल्सरला पुष्कळदा उलटं होतं, खाल्लं की दुखतं. पण नुसत्या दुखण्यावरनं पक्कं सांगता येत नाही, म्हणून त्यांना दुर्बिणीला पाठवलं, अल्सर सापडला आणि एच पायलोरी नावाचा जंतूही सापडला.

मग 14 दिवसांचा कोर्स लागला, ॲसिड कमी करणारी गोळी दिवसातनं दोनदा आणि सोबत दोन अँटिबायोटिक. या 14 दिवसांत उपास नाही म्हणजे नाही, हे मी जरा आवाज चढवूनच सांगितलं. कारण उपासाच्या नावाखाली दोन-तीन डोस चुकले की जंतू पुरता मरत नाही, आणि उरलेला पुढच्या वेळी त्याच औषधाला दाद देत नाही. कोर्स संपल्यावर पॅन्टोप्रॅझोल 40 रोज एक, चार आठवडे. आणि पुढची संकष्टी नेमकी त्या चार आठवड्यांत आली.

खरं सांगायचं तर मी ती पण नको म्हटलं होतं. जखम भरत असताना दिवसभर पोट रिकामं ठेवणं म्हणजे ॲसिडला रान मोकळं. पण मावशी ऐकेनात, आणि मला अनुभवानं माहिती आहे की नाही म्हटलं की लोक मान हलवतात आणि घरी जाऊन गुपचूप करतात, वर गोळीपण बंद ठेवतात. म्हणून मग आम्ही बसून वेळा ठरवल्या. रक्त पडलेला अल्सर असता तर मात्र मी एक पाऊलही मागं सरलो नसतो.

आता ही गोळी पोटात काय करते ते समजून घ्या, म्हणजे वेळ आपोआप समजेल. पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल, ही सगळी एकाच घरातली भावंडं. जठराच्या अस्तरात ॲसिड बाहेर टाकणारे बारीक पंप असतात आणि आपण जेवलो की ते जोरात चालू होतात. ही गोळी फक्त चालू असलेल्या पंपाला कुलूप घालते, झोपलेल्या पंपाला नाही. आणि ती रक्तात असते जेमतेम एक-दोन तास. म्हणजे गोळी रक्तात असताना पोटात घास पडला पाहिजे, म्हणून जेवणाआधी अर्धा ते एक तास. सकाळी 6 ला गोळी घेऊन रात्री 9 पर्यंत काही खाल्लंच नाही, तर कुलूप आलं आणि दारंच झोपलेली असं होतं. अगदी वाया जात नाही, आधीचं कुलूप घातलेले पंप दिवसभर बंदच असतात, पण ती गोळी अर्ध्यामुर्ध्या ताकदीनं काम करते.

मावशींचं गणित असं बसवलं. त्या दिवशी चंद्रोदय होता रात्री सव्वानऊला. सकाळी साडेसहाला उठून ग्लासभर पाण्याबरोबर गोळी, न चावता, न फोडता, कारण वरचं आवरण ॲसिडपासून औषध वाचवायला असतं. सव्वासातला एक केळं आणि वाटीभर राजगिऱ्याच्या लाह्या दुधात, आणि चहा त्यानंतर, अर्धा कप. चहा पूर्ण बंद नाही केला, कारण रोजचा चहा एकदम तुटला की दुपारी डोकं चढतं, आणि डोकं चढलं की पुढं काय होतं ते सांगतोच. साडेदहाला उकडलेलं रताळं. दीडला वरीचे तांदूळ, मऊ शिजवलेले, त्यावर पातळ दाण्याची आमटी, मिरची कमी. मिरचीनं अल्सर होतो असं नाही, पण असलेल्या जखमेवर चरचर होते. पाचला ताक. आणि रात्री चंद्र बघून जेवण, पण आधी वाटीभर वरणभात, मग एकच मोदक, आणि जेवून लगेच आडवं नाही, निदान दोन तास.

साबुदाण्याची खिचडी मुद्दाम काढली. आपल्याकडं एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते उगीच नाही. तेल-तूप-दाण्याचं गच्च जेवण जठरातनं हळू सरकतं, पोट तटतटून राहतं, आणि त्यावर रात्री पुन्हा मोठं जेवण. आवडत असेल तर दुपारी चार घास खा, वाटी भरून नको. दुधाबद्दलपण एक गैरसमज आहे. दुखलं की गार दूध प्यायचं, पाच-दहा मिनिटं बरं वाटतं हे खरंय, पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम थोड्या वेळानं आणखी ॲसिड काढायला लावतात. म्हणून लाह्यांबरोबर ठीक, पण औषध म्हणून दर तासाला दूध नको.

आता काही जण म्हणतील, आम्ही चंद्रापर्यंत काहीच खात नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरशी बोलून गोळी सकाळी न घेता चंद्रोदयाच्या पाऊण तास आधी, म्हणजे सव्वानऊचा चंद्र असेल तर साडेआठला घेता येते का ते विचारावं. पण त्यातली गोम बघा. आदल्या दिवशीची गोळी सकाळी 7 ला घेतली आणि संकष्टीची रात्री साडेआठला, म्हणजे मध्ये 37 तासांवर गेले, आणि नेमका तोच दिवस पोट रिकामं असायचा. म्हणून भरत असलेल्या जखमेसाठी मी हा मार्ग सुचवत नाही. रमजानचे रोजे ठेवणारे अल्सरचे पेशंटपण माझ्याकडं येतात, त्यांनाही हेच गणित, गोळी सहेरीच्या अर्धा तास आधी नाहीतर इफ्तारच्या आधी, पण कुठली ते डॉक्टरनी ठरवायचं.

आणि हो, चंद्र. आपल्या खानापूरच्या पावसात श्रावणात चंद्र दिसतोय कुठं. लोक अकरा-बारापर्यंत ढगाकडं बघत बसतात. मावशींना सांगितलं, कॅलेंडरातली वेळ झाली की त्या दिशेला हात जोडा आणि ताटावर बसा. बेळगावच्या जवळची वेळ बघा, मुंबईची नको, थोडा फरक पडतो.

आता पाण्याबद्दल सांगतो, पण त्याआधी डोकेदुखी, कारण मला तिचीच भीती जास्त वाटते. दिवसभर पाणी नाही, चहा नाही, दुपारी डोकं ठणकतं, मेडिकलमधनं एक गोळी आणून रिकाम्या पोटी टाकली जाते, आणि ती गोळी असते डायक्लोफिनॅक नाहीतर ॲसिक्लोफिनॅक. अल्सरला याच्याइतकं वाईट काही नाही. ही औषधं जठराच्या अस्तराचं संरक्षणच काढून घेतात, आणि पाण्याबरोबर घेतली, जेवणानंतर घेतली तरी तो धोका जात नाही. मावशींनी आधीच्या संकष्टीला तेच केलं होतं, हे दुर्बिणीनंतर बाहेर आलं. आणि फसवणूक कशी होते बघा, पाकिटावर पॅरासिटामॉल लिहिलेलं दिसतं म्हणून घेतात, पण मागं बघितलं तर त्याच्या जोडीला ॲसिक्लोफिनॅक. म्हणून पट्टीच्या मागची बारीक अक्षरं दुकानदाराकडून वाचून घ्या. एकटं पॅरासिटामॉल 500, तेही गरज असली तरच. हार्टसाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र ते मनानं बंद करू नका, ज्यांनी लिहिलंय त्यांनाच विचारा.

तर पाणी, दर तासाला साधारण एक ग्लास, घोट घोट करून, दिवसात दोन-अडीच लिटरपर्यंत. लघवी पिवळी गर्द व्हायला लागली की कमी पडलं समजा. एकदम तांब्याभर ओतलं की पोट ताणतं. शहाळं चालतं, लिंबू सरबत ज्यांना झोंबतं त्यांनी टाळा. किडनी-हार्टवाल्यांनी पाण्याचं माप आपल्या डॉक्टरचंच पाळायचं. आणि निपाणी-चिकोडीकडच्या मंडळींना एक सांगायला पाहिजे, उपासाला काही चालत नाही म्हणून बिडी आणि तंबाखू मात्र चालते असं ठरवलंय लोकांनी. बिडी ओढली की अल्सर भरायला उशीर लागतो.

उपास कधी मोडायचा तेही सांगतो, कारण देवाला सांगायला लाज वाटते म्हणून लोक दिवसभर कळ काढतात. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट, घाण वासाचं झालं, किंवा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं पडलं, उभं राहिल्यावर चक्कर आली, तर ताट वाढत बसायचं नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलला. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर शौच काळं होतं, पण ते डांबरासारखं चिकट नसतं. शंका आली तर तरीही दाखवा. पोटात सुरी खुपसल्यासारखी अचानक कळ आली आणि पोट लाकडासारखं कडक झालं तर पाणीसुद्धा पाजू नका, भोक पडलेलं असू शकतं, लगेच ॲम्ब्युलन्स.

मावशींच्या चार आठवड्यांच्या गोळ्या संपल्या, मग दोन आठवडे गोळी पूर्ण बंद ठेवून एच पायलोरीची टेस्ट केली, कारण गोळी चालू असताना केली की जंतू असूनही नाही म्हणून दाखवते. नाही आला. आता गोळी बंद आहे, दुखणं नाही, उपास त्या करतात, पण सकाळचं केळं सोडलेलं नाही. जठराचा अल्सर असता तर मात्र आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण लागली असती, ती टाळायची नसते, कारण न भरणाऱ्या जखमेत कधी दुसरंच काही निघतं.