सगळ्यांसाठी हळद

(दृश्य: सांगली मार्केट यार्ड, सकाळ. पोत्यांच्या थप्प्या. एक हात हळकुंड मोडतो.)

सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याला आलेला माणूस हळकुंड नुसतं बघत नाही, मोडतो. कट्‌कन आवाज आला म्हणजे वाळवण नीट झालंय. मग आतला रंग बघायचा. बाहेरून सगळीच हळकुंडं मातकट दिसतात.

इथले एक व्यापारी, आपण त्यांना अण्णाच म्हणू, गेल्या वर्षी पहिल्यांदा 200 ग्रॅमचं पाकीट काढायला निघाले. डिझायनर कोल्हापूरची. तिला त्यांनी एका पानाचं ब्रीफ, म्हणजे पाकीट कसं हवंय याची लेखी सूचना, पाठवलं. आठ दिवसांनी तीन डिझाइनं आली. एकावर नऊवारीतली आजी, दुसऱ्यावर काळ्या रंगात सोनेरी अक्षरं, तिसऱ्यावर पिवळीधमक पावडर आणि फुली मारलेला जुना भाव. अण्णांना एकही पसंत पडलं नाही. डिझायनरनं विचारलं, नक्की काय आवडलं नाही? अण्णांना सांगता येईना.

गंमत अशी, की तिन्ही डिझाइनं ब्रीफप्रमाणेच होती.

(दृश्य: टेबलावर छापलेलं ब्रीफ, शेजारी लाल पेन.)

ब्रीफमधल्या चार ओळी वाचू. ग्राहक: सर्व वयोगटातील गृहिणी, हॉटेल, केटरर्स. संदेश: शुद्ध, पारंपरिक, आरोग्यदायी, स्वस्त आणि जी.आय. मानांकित. आवश्यक: लोगो मोठा, पेवाचा फोटो, औषधी गुण, बाकी नेहमीचं. टोन: पारंपरिक पण मॉडर्न, प्रीमियम पण परवडणारा.

‘पारंपरिक’ शब्दातून आजी आली, ‘प्रीमियम’मधून काळा रंग, ‘परवडणारा’मधून फुली. डिझायनरनं एकेक शब्द खरा मानला, एवढीच तिची चूक.

हे पान दुरुस्त करायला बसल्या त्या जाहिरातींचा मजकूर लिहिणाऱ्या एक ताई. त्यांनी पहिल्यांदा ‘हॉटेल, केटरर्स’ खोडलं. अण्णा म्हणाले, “अवो ताई, गिऱ्हाईक कशाला घालवताय?” ताईंचं उत्तर सोपं होतं. केटरर 200 ग्रॅमचं पाकीट घेतच नाही, तो पोतं घेतो. त्याच्यासाठी दुसरं ब्रीफ लिहू.

मग राहिल्या ‘सर्व वयोगटातील गृहिणी’. वय लिहून डिझायनरच्या हाती काहीच लागत नाही. पाकीट कोण, कुठं उभं राहून उचलणार, आणि आज त्याजागी काय उचलतंय, हे लागतं. अर्धा तास बोलल्यावर ती ओळ अशी झाली: “पुण्यात राहणारी, माहेर सांगली भागातलं. पूर्वी गावाहून वर्षाची हळद यायची, आता येत नाही. किराणा दुकानातून मोठ्या कंपनीचं पाकीट घेते आणि रंग बघून कुरकुरते.” या ओळीतून डिझायनरला दुकानाचं फडताळ दिसतं, शेजारची पाकिटं दिसतात. सांगलीची हळद चांगली असते हे या बाईला पटवायची गरज नाही, हेही कळतं.

(दृश्य: गोदाम. गिरणीचा आवाज.)

संदेशावर मात्र गाडी अडली. अण्णांना पाचही शब्द हवे होते. ताईंनी प्रत्येक शब्दाला दोन प्रश्न विचारले. शेजारचं पाकीट हेच म्हणू शकतं का? आणि कुणी विचारलं तर दाखवता येईल का?

‘शुद्ध’ सगळेच म्हणतात. ‘स्वस्त’ खरं नव्हतं, भाव मोठ्या कंपनीपेक्षा जास्तच पडत होता. ‘आरोग्यदायी’च्या पोटात अण्णांना सर्दी आणि मधुमेह लिहायचे होते. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर रोग बरा करण्याचा दावा कायद्यानं चालत नाही, तेही गेलं. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जी.आय., म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं हे खरं, पण ते नाव आणि चिन्ह वापरायला स्वतःची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. अण्णांनी ती केलेली नव्हती. खोडलं.

अण्णा वैतागून उठले, गिरणीकडं हात केला. “मग लिहा की, आम्हीच निवडतो आन् आम्हीच दळतो. तयार पावडर आणून पाकिटात भरणारी मानसं निराळी!”

ताईंनी पेन उचललं. ब्रीफमध्ये संदेश पडला तो असा: “ही विकत आणलेली पावडर नाही, हळकुंड आम्हीच निवडतो, आम्हीच दळतो.” दाखवायला गिरणी समोरच होती. आणखी एक फायदा झाला. पाकिटावर पावडरची वाटी येणार नाही, हळकुंड येणार, हे कुणी न सांगता ठरलं.

(दृश्य: हरिपूर, कृष्णा-वारणेचा संगम.)

‘आवश्यक’ या रकान्यात खरी आवश्यक गोष्ट आणि मालकाची हौस एकत्र नांदत असतात. पेवाचा फोटो ही हौस. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद ठेवायचे. 2005 च्या महापुरानं त्यातली बरीच पेवं निकामी केली. अण्णांची हळद गोदामात असते. म्हणजे फोटो देखणा, पण या पाकिटापुरता खोटा. अण्णा यावर बराच वेळ गप्प होते. त्यांच्या वडिलांचं पेव होतं.

‘लोगो मोठा’ याच्या जागी ताईंनी कारण लिहिलं: “फडताळापासून दोन हात लांबून नाव वाचता यावं.” किती मोठा, कुठं, कोणत्या रंगात, हे डिझायनर ठरवेल. मोठा म्हणजे किती यावर वाद घालता येतो. दोन हात लांब उभं राहून मात्र बघताच येतं.

सगळ्यात घातकी शब्द होते ‘बाकी नेहमीचं’. पहिल्या तीन डिझाइनांत शाकाहारी चिन्हाला जागाच नव्हती. आता नेहमीचं म्हणजे काय ते लिहून झालं: निव्वळ वजन, घटक, उत्पादकाचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, हिरवं शाकाहारी चिन्ह, चौदा अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक. हा मजकूर वेगळ्या फाइलमध्ये टाइप करून, अण्णांची सही घेऊन दिला. परवान्याचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवला, की डिझायनर आकडे बघून टाइप करते आणि एक अंक हुकला तर पाऊचचा सगळा रोल वाया जातो. बॅच, तारीख आणि किमतीचे आकडे पाकीट भरताना छापले जातात. त्यासाठी कोरी जागा सोडायची, हेही लिहिलं. ही जागा विसरली, की तारीख थेट चित्रावर उमटते आणि वाचता येत नाही.

(दृश्य: बारदानावरची ठशाची अक्षरं, जवळून.)

टोनसाठी विशेषणं चालत नाहीत. ‘पारंपरिक पण मॉडर्न’ वाचून दहा डिझायनर दहा दिशांना जातील. ताईंनी यार्डातल्या पोत्यावरच्या ठशाच्या अक्षरांचा फोटो जोडला आणि खाली लिहिलं: “असं बोलायचं. मोजकं, ठाम, व्यापाऱ्यासारखं.” पुढं दोन वाक्यं. हे चालेल: “राजापुरी. निवडून दळलेली.” हे चालणार नाही: “आजीच्या हातची माया.” आजी, पैठणीचे काठ आणि सोनेरी शाई बाद. नकाराची ही ओळ लहान ठेवायची, नाहीतर डिझायनरला हातच हलवता येत नाही. पार्श्वभूमीचा रंग, अक्षरांचा प्रकार, मांडणी यावर ब्रीफमध्ये मुद्दाम एक शब्द नव्हता.

पाठवण्याआधी ताईंनी डिझायनरला फोनवर ते पान वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, “आता न बघता तू मला सांग, काय करायचंय.” तिनं ग्राहक सांगितला, संदेश सांगितला. टोनपाशी अडखळली, म्हणाली, “म्हणजे जुनाट दिसायला हवं?” ठशाच्या फोटोचा हा अर्थ कुणाच्या डोक्यात आला नव्हता. ताईंनी ओळ वाढवली: “पोतं नवं आहे, अक्षरं ताजी आहेत.”

(दृश्य: अण्णांची गादी. फोन स्पीकरवर.)

दोन दिवसांनी डिझायनरचा एकच प्रश्न आला. “अण्णा, हळकुंड अख्खं दाखवू, का मोडलेलं?”

अण्णांनी पोत्यात हात घातला.

(आवाज: कट्‌. पडद्यावर केशरी रंग.)