खोकला दाबणारे काका आणि केअर प्लॅन

नमस्कार श्रोतेहो. जीएनएम असो की बीएस्सी नर्सिंग, पेपरात पेशंटची हकीकत देऊन केअर प्लॅन मागतातच. आज एकच पेशंट घेऊ.

५८ वर्षांचे शेतकरी काका. आतड्याला छिद्र पडलं म्हणून पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, आज दुसरा दिवस. नाकात रायल्स ट्यूब, तोंडाने काही द्यायचं नाही, सलाइन चालू. काका पोटावर हात धरून निपचित पडलेत. कसं वाटतंय विचारलं की म्हणतात, “बरं आहे सिस्टर.” पण दहापैकी किती दुखतंय विचारल्यावर म्हणतात आठ. खोकल्याची उबळ आली की दात-ओठ आवळून दाबून टाकतात. श्वास मिनिटाला २६ आणि उथळ, ऑक्सिजनविना एसपीओटू ९२ टक्के, ताप ३८ अंश सेल्सिअस, उजव्या छातीत खालच्या भागात क्रॅकल्स. आणि काकू उशाशी बसून बजावतायत, “हलवू नका, टाके तुटतील!”

ही हकीकत वाचून पुष्कळ मुली पहिलं डायग्नोसिस लिहितात ‘ताप’, नाहीतर थेट ‘न्यूमोनिया’. न्यूमोनिया हे डॉक्टरांचं निदान झालं. नर्सने लिहायचं ते काकांना काय जमत नाहीये ते. कफ बाहेर काढता येत नाहीये. म्हणून वाक्य असं: श्वसनमार्ग मोकळा ठेवण्यात अडचण, कशामुळे? जखमेच्या वेदनेमुळे खोकला दाबल्याने साठलेला कफ. कशावरून? श्वास २६, एसपीओटू ९२, क्रॅकल्स, निष्फळ खोकला. अडचण, कशामुळे, कशावरून. पुन्हा सांगते, अडचण, कशामुळे, कशावरून.

आता खुबी ऐका. गोल ‘कशावरून’मधून निघतो आणि इंटरव्हेन्शन ‘कशामुळे’मधून. ‘पेशंटला बरं वाटेल’ हा गोल नव्हे, कारण तो मोजता येत नाही. ‘२४ तासांत काका खोकून कफ बाहेर काढतील, श्वास मिनिटाला २० किंवा कमी, ऑक्सिजनविना एसपीओटू ९५ किंवा जास्त’ हा गोल. मुदत हवी, आकडा हवा.

आणि इंटरव्हेन्शन? मूळ कारण वेदना आहे, म्हणून आधी लिहून दिलेलं वेदनाशामक द्यायचं आणि त्याचा असर झाल्यावरच, म्हणजे शिरेतून दिलं असेल तर साधारण २० ते ३० मिनिटांनी, खोकायला लावायचं. हा क्रम उलटा केला की काका पुढच्या वेळी हातच लावू देत नाहीत. मग पाठ ३० ते ४५ अंश उचलून बसतं करायचं, म्हणजे श्वासाच्या पडद्याला खाली सरकायला जागा मिळते. पोटावर उशी ठेवून काकांच्याच हातांनी ती घट्ट दाबून धरायला सांगायची, खोल श्वास घ्यायला लावून दोन-तीनदा खोकवायचं. टाक्यांना आधार मिळतो, ताण कमी पडतो, आणि काकूंनाही ते समोर दिसतं. वॉर्डात उशी मिळत नसेल तर चादरीची जाड घडी चालते. (खरं तर पोटाच्या ऑपरेशनच्या प्रत्येक खाटेला एक जादा उशी मिळायला हवी. इंडेंटमध्ये सगळं मागतात, उशी कोणी मागत नाही!) जागेपणी तासातासाला दहा खोल श्वास, दर दोन तासांनी कूस बदलणं, आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की खाटेच्या कडेला पाय सोडून बसवणं. प्रत्येकापुढे कारण लिहा. मार्क तिथे आहेत.

इथेच पाठांतर घात करतं. कफ दिसला की ‘दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पाजा’ असं लिहिलं जातं. अहो, काकांना तोंडाने काहीच द्यायचं नाहीये! ‘आदेशाप्रमाणे सलाइन चालू ठेवून इनटेक-आउटपुट नोंदवणे, तोंड दर दोन-चार तासांनी ओलसर करणे’ असं लिहा. गाइडातला तयार प्लॅन उतरवलेला तपासणाऱ्याला पहिल्या ओळीतच कळतो.

इव्हॅल्युएशनमध्ये नुसतं ‘गोल साध्य’ नको. गोलमधलेच आकडे पुन्हा घ्या: श्वास २२, एसपीओटू ९४, पिवळट कफ दोनदा पडला, क्रॅकल्स कमी, गोल अंशतः साध्य, प्लॅन पुढे चालू. ताप उतरत नसेल, कफ घट्ट होत असेल किंवा एसपीओटू घसरत असेल तर डॉक्टरांना कळवलं हेही लिहा.

दुसरं डायग्नोसिस तीव्र वेदना. तिसरं जखमेत जंतुसंसर्गाचा धोका. तिथे फक्त दोन भाग येतात, धोका आणि कशामुळे. जे अजून घडलंच नाही त्याची लक्षणं कुठून आणणार? जखमेतून पू येतोय असं हकीकतीत दिलं असेल, तर मात्र ‘धोका’ लिहू नका.